डिप, मीटर आणि मधली घट

सकाळी सहाला शिफ्ट बदलते, तेव्हा पंपावरचं पेट्रोल दहा मिनिटं थांबवायचं असतं. नोझल हुकवर टांगायचे, गाड्यांना थोडं थांबायला सांगायचं आणि एकाच वेळी दोन कामं करायची: एकाने प्रत्येक नोझलचं मीटर रीडिंग लिहायचं, दुसऱ्याने टाकीत डिप रॉड सोडायचा. या दोन आकड्यांमधून रोज एक तिसरा आकडा निघतो, घट किंवा वाढ. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या एका पंपावर मॅनेजर म्हणून मी बरीच वर्षं हा तिसरा आकडा लिहीत आलो आहे. त्याच्याकडे नीट बघायला शिकलो, की पेट्रोल नेमकं कुठे जातं हे तो स्वतःच सांगतो, असा माझा अनुभव आहे.

हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल असा आहे. कालच्या सकाळचा साठा, अधिक टँकरमधून आलेला माल, वजा विक्री, म्हणजे आज टाकीत असायला हवा तो माल. विक्री मीटरवरून काढायची, मात्र रोज सकाळी प्रत्येक नोझलमधून पाच लिटरच्या मापात टेस्टिंग घेतो, तो माल पुन्हा टाकीतच ओततो. मीटरने तो विकला म्हणून मोजलेला असतो, म्हणून विक्रीतून वजा करायचा. मग डिप काय म्हणतो ते पाहायचं. दोन्हींतला फरक स्टॉक रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात.

उन्हाळ्यात हा रकाना लाल होतो आणि पंपावर सगळे एकच कारण सांगतात: "उडतंय. पेट्रोल आहे, ऊन आहे, उडणारच." आमचे मालकही तेच म्हणायचे. पेट्रोल उडतं यात शंका नाही. पण सगळी घट उडण्याच्या खात्यावर टाकली, की खरी गळती, बिघडलेलं मीटर, चुकीचा डिप हे सगळं त्याच नावाखाली झाकलं जातं. म्हणून उडण्याचा वाटा किती आणि बाकीचा कशाचा, हे वेगळं करणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

आधी डिपबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आमची पेट्रोलची टाकी वीस हजार लिटरची, आडवी गोल, दोन मीटर व्यासाची. अशी टाकी अर्धी भरलेली असताना आतल्या मालाचा पृष्ठभाग सगळ्यात रुंद असतो आणि तिथे एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ तेरा लिटर. तळाकडे टाकी अरुंद होते; वीस सेंटिमीटर माल उरला असेल तर तोच एक मिलिमीटर आठ लिटरांच्या आत येतो. डिप चार्टमध्ये प्रत्येक सेंटिमीटरचे लिटर छापलेले असतात, त्यामुळे आकडा शेवटच्या लिटरपर्यंत अचूक दिसतो. प्रत्यक्षात माणसाचा हात एक-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे होणारच. म्हणजे मधल्या पातळीवर पंचवीस लिटरपर्यंतचा फरक हा माल नसून हात असू शकतो.

हा हात जितका स्थिर करता येईल तितका करायचा. रॉड कोरडा पुसायचा, माल जिथे येईल असं वाटतं तिथे पेट्रोल पेस्टचा पातळ हात फिरवायचा, तळाशी पाण्याची पेस्ट लावायची. पेस्ट नसेल तर उन्हाळ्यात पेट्रोलची ओली रेघ रॉड वर काढेपर्यंत वाळून जाते आणि माणूस अंदाजाने आकडा सांगतो. रॉड हळू सोडायचा, तळाला टेकल्याचं हाताला कळलं की लगेच वर घ्यायचा. सोडून दिला तर तो आपटतो, आपटून त्याचं पितळी टोक झिजतं. टोक दोन मिलिमीटर झिजलं की रॉड रोज दोन मिलिमीटर जास्त दाखवतो. रोजच्या वजाबाकीत ते फारसं जाणवत नाही, कारण कालही जास्त दाखवलं होतं आणि आजही. पण नवा रॉड आणला की त्या दिवशी चोवीस-पंचवीस लिटर एकदम गायब होतात. म्हणून रॉड बदलला की त्या दिवशी दोन्ही रॉडनी डिप घेऊन रजिस्टरमध्ये शेरा लिहितो. डिप दोनदा घ्यायचा. दोन्हींत फरक आला तर तिसऱ्यांदा.

आणि मीटर रीडिंग त्याच क्षणाचं हवं. डिप सहाला घेतला, रीडिंग सव्वासहाला लिहिलं आणि मध्ये नोझल चालू राहिले, तर तेवढी विक्री मीटरमध्ये धरली जाते, पण डिपमध्ये दिसत नाही. आज वाढ, उद्या तेवढीच घट. रजिस्टरमध्ये अशी प्लस-मायनसची जोडी दिसली की मी आधी घड्याळ तपासतो.

आता मे महिन्यातल्या एका टँकरच्या दिवसाचा हिशेब मांडतो. सकाळी डिप ६२.४ सेंटिमीटर, चार्टप्रमाणे ५,३५६ लिटर. साडेअकराच्या सुमाराला बारा हजार लिटरचा टँकर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत मीटरची विक्री ३,४१८ लिटर. चार नोझलचं टेस्टिंग वीस लिटर, म्हणजे खरी विक्री ३,३९८. टाकीत असायला हवे १३,९५८ लिटर. डिप आला १३०.४ सेंटिमीटर, म्हणजे १३,८८३. घट पंचाहत्तर लिटर.

या पंचाहत्तरांचं काय झालं? इथे कामाला येतं दुसरं रजिस्टर, डेन्सिटीचं. रोज सकाळी टेस्टिंग झाल्यावर नमुना घेऊन हायड्रोमीटर आणि थर्मामीटर बुडवतो, दोन्ही आकडे लिहितो. डेन्सिटी १५ अंशांना बदलून चलनावरच्या आकड्याशी ताडून पाहतो, फरक तीन एककांच्या आत असला की काम संपलं असं मानलं जातं. पण तिथला तापमानाचा रकाना स्टॉक रजिस्टरच्या शेजारी ठेवून वाचला, की घटीचं कारण समोर येतं. टँकर खाली होण्याआधी टाकीतला माल ३१ अंशांवर होता. टँकरमधला माल ३९ अंशांवर. टाकीत तेव्हा साडेचार हजारांच्या आसपास लिटर उरले होते. दोन्ही मिसळून माल सुमारे ३७ अंशांवर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मामीटर ३४.५ दाखवत होता.

पेट्रोल एक अंश थंड झालं की हजार लिटरमागे साधारण एक पूर्णांक दोन लिटर आकसतं. टाकीत त्या काळात सरासरी पंधरा हजार लिटर होते आणि अडीच अंश उतरले. पंधरा गुणिले अडीच गुणिले एक पूर्णांक दोन: पंचेचाळीस लिटर. हे पेट्रोल कुठेही गेलेलं नाही. वजन तेवढंच आहे, जागा कमी व्यापते आहे. पण चलनावर लिटर लिहिलेले असतात, मालक पैसे लिटरचे भरतो, म्हणून त्याच्या दृष्टीने ती घट खरीच.

उरलेले तीस. टँकर टाकीत उतरतो तेव्हा टाकीतली हवा बाहेर ढकलली जाते आणि ती नुसती हवा नसते, पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते. बारा हजार लिटर माल आत म्हणजे बारा हजार लिटर वाफेची हवा व्हेंट पाइपच्या तोंडातून बाहेर. भरण्याचा पाइप टाकीच्या तळाजवळ पोचत असेल तर एक लिटर हवेबरोबर एक ग्रॅमपेक्षा थोडं कमी पेट्रोल जातं. पाइप तुटका असेल आणि माल वरून पडून उसळत असेल तर हे प्रमाण दीडपट होतं. आमच्याकडे पाइप ठीक आहे; दहा-अकरा किलो, म्हणजे साधारण पंधरा लिटर पेट्रोल त्या दुपारी व्हेंटमधून गेलं. टँकर खाली होताना वर पाहिलं तर व्हेंटच्या तोंडाशी उन्हात हवा थरथरताना दिसते. ती थरथर म्हणजेच मालकांचं "उडतंय". ज्या पंपांवर वाफ परत टँकरमध्ये नेणारी नळी जोडतात तिथे हा वाटा जवळजवळ संपतो. टाकी दिवसभर श्वास घेते, त्यातून आणखी थोडं जातं, पण ते एका दिवसाला लिटरच्या आसपास. जमिनीखालच्या टाकीला दुपारचं ऊन फारसं लागत नाही.

पंचेचाळीस आकसले, पंधरा वाफेत गेले. राहिले पंधरा. त्या पातळीवर एक मिलिमीटर म्हणजे बारा लिटर. म्हणजे उरलेला भाग सव्वा मिलिमीटर, डिपच्या हातात बसणारा. मालकांना हा हिशेब दाखवला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे पंचाहत्तरातले उडाले फक्त पंधरा?" हो, फक्त पंधरा. आणि तेही टँकरच्या दिवशीच.

थंड होणं मात्र एका रात्रीत संपत नाही. दुसऱ्या दिवशी माल साडेचौतीसवरून तेहेतीसवर येतो, वीसेक लिटर; तिसऱ्या दिवशी दहा; चौथ्या दिवशी पाच आणि मग पुढचा टँकर. म्हणून टँकरनंतरचे दोन-तीन दिवस घट दिसली तरी ती उतरत जाणारी हवी. उतरली नाही तर शोध सुरू करायचा. डिसेंबरात हेच उलटं होतं. रात्री प्रवास करून पहाटे आलेल्या टँकरमधला माल २१-२२ अंशांवर, आणि जमीन सत्तावीसवर. माल टाकीत गरम होतो आणि फुगतो, रजिस्टरमध्ये वाढ येते. अशा वेळी काही जण वाढ पाहून खूश होतात आणि ती मेमधल्या घटीची भरपाई आहे हे विसरतात. वर्षाचा हिशेब एकत्र करायचा तर दोन्ही बाजू धरल्या पाहिजेत.

आमच्याकडे डिझेलची टाकी पेट्रोलच्या शेजारीच आहे, आणि माझ्यासाठी ती या तपासातली सगळ्यात भरवशाची साक्षीदार आहे. डिझेल जवळजवळ उडतच नाही. ते आकसतं, पण पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. दोन्ही टाक्यांत एकच माणूस डिप घेतो. त्यामुळे दोन्हींत एकाच दिवशी घट आली तर मी आधी तापमान आणि डिपचा हात पाहतो. डिझेलमध्ये रोज ठरावीक घट येत असेल आणि कोणी "उडतंय" म्हणालं, तर ते कारण मी ऐकूनच घेत नाही. तिथे मीटर, गळती किंवा चोरी यांपैकी काहीतरी आहे.

आता ज्या प्रसंगामुळे हे सगळं लिहावंसं वाटलं त्याकडे येतो. तो पावसाळ्यातला. जुलैमध्ये टँकर ३० अंशांवर येतो, जमीनही त्याच्या आसपास. आकसणं जवळजवळ शून्य. म्हणजे रजिस्टरवरचा तापमानाचा पडदा बाजूला होतो. मी रोजची घट बघणं सोडून टँकर ते टँकर हिशेब धरत होतो: एका टँकरच्या आधीच्या सकाळचा डिप ते पुढच्या टँकरच्या आधीच्या सकाळचा डिप. त्या वेळी टाकीत माल कमी असतो, मिलिमीटरला लिटर कमी पडतात, आणि माल थंड होऊन स्थिरावलेला असतो. रोजचे डिपचे चढउतारही मध्ये एकमेकांत जिरून जातात.

अशा एका फेरीत सुमारे बारा हजार लिटर विकले जातात आणि घट यायला हवी ती टँकरची वाफ आणि थोडं इकडचं-तिकडचं, पंधरा ते वीस लिटर. येत होती पंचेचाळीस ते पन्नास, प्रत्येक फेरीला. वरवर पाहिलं तर काळजीचं काही नव्हतं. वर्षाला सहाशे किलोलिटरपेक्षा जास्त पेट्रोल विकणाऱ्या पंपाला तेल कंपन्यांचे नियम ०.६० टक्के घट मान्य करतात. बारा हजारांवर ती बहात्तर लिटर होते. पन्नास त्याच्या आत. कोणी तपासायला आलं असतं तर सही करून गेलं असतं. पण ती मर्यादा वर्षभराची, उन्हाळ्यासकटची सरासरी आहे. जुलैमध्ये आकसणं नसताना निम्म्याहून जास्त घट कशाची, हा प्रश्न मर्यादेने सुटत नाही.

घट कशाला चिकटली आहे ते पाहायचं होतं. टँकरला चिकटली असती तर टँकरच्या दुसऱ्या सकाळी उसळली असती, तशी नव्हती. वेळेला चिकटली असती, म्हणजे टाकी किंवा पाइप गळत असता, तर विक्री कमी असलेल्या दिवसांतही तेवढीच आली असती. जोरदार पावसाने रस्ता अडला त्या दोन दिवसांत विक्री अगदी कमी झाली आणि घटही जवळपास थांबली. आठवडी बाजार आणि सणाच्या आधीच्या गर्दीत फेरी लवकर संपली, पण बारा हजारांमागे घट तेवढीच राहिली. म्हणजे घट विक्रीला चिकटलेली होती. पेट्रोल मीटरमधून जातानाच कुठेतरी जास्त जात होतं.

टेस्टिंगच्या वहीत चारही नोझलपुढे रोज "ठीक" लिहिलेलं होतं. ते खोटं नव्हतं. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटर कमी-जास्त चालतं आणि सगळे नोझल त्या आत होते. मी शिफ्ट इनचार्जला म्हटलं, "दादा, उद्यापासून ठीक लिहू नका, मिलिलिटर लिहा." माप आधी ओलं करून निथळून घ्यायचं, नोझल मधल्या वेगाने चालवायचा, फेस बसू द्यायचा आणि मापाच्या मानेवरची रेघ डोळ्याच्या पातळीत आणून वाचायची. आठवड्यात चित्र स्पष्ट झालं. आतल्या मशीनचे दोन्ही नोझल शून्याच्या आसपास. रस्त्याकडच्या मशीनचे दोन्ही नोझल वीस मिलिलिटर जास्त देत होते, रोज, न चुकता.

पाच लिटरला वीस मिलिलिटर म्हणजे ०.४ टक्के. रस्त्याकडचं मशीन पेट्रोलच्या विक्रीतला मोठा वाटा घेतं, दिवसाला बावीसशे लिटरच्या आसपास. त्याचे ०.४ टक्के म्हणजे जवळजवळ नऊ लिटर. साडेतीन दिवसांच्या फेरीला एकतीस. त्यात टँकरची वाफ मिळवली की शेहेचाळीस-सत्तेचाळीस. रजिस्टरचा आकडा जुळला. नऊ लिटर म्हणजे टाकीत एक मिलिमीटरही नाही, एका दिवसाच्या डिपमध्ये ते कधीच दिसलं नसतं. महिन्याला मात्र ते अडीचशे लिटरच्या वर जातं आणि लिटरला शंभरच्या वरचा भाव धरला तर रक्कम छोटी नाही.

मीटर झिजलं की असंच होतं. आतल्या पिस्टनच्या कडेने थोडं पेट्रोल न मोजता निसटतं, म्हणून जुनं मीटर बहुतेक वेळा जास्त देतं. मीटरचं सील आपण तोडायचं नसतं. कंपनीच्या मेकॅनिकला बोलावलं, वैधमापन निरीक्षकांसमोर मीटर जुळवून नवं सील लागलं. त्या वेळी शेजारच्या एका अनुभवी माणसाने मालकांना सुचवलं होतं, "शून्यावर कशाला आणता? वीस कमीवर ठेवा, नियमातच आहे, उडण्याची भरपाई होईल." मालकांनी ते ऐकलं नाही याचं मला समाधान आहे. मापाची सूट यंत्राच्या चढउतारासाठी दिलेली आहे. आपलं आकसलेलं पेट्रोल ग्राहकाच्या टाकीतून वसूल करण्यासाठी ती नाही, आणि जो तसं करतो तो मोजूनमापून कमी देतो, मग आकडा नियमात बसो वा न बसो. आम्ही दोन्ही नोझल शून्यावर आणले. पुढच्या फेऱ्यांमध्ये घट वीसच्या आसपास आली.

पावसाळ्याची दुसरी बाजू म्हणजे वाढ. रजिस्टरमध्ये कारणाशिवाय वाढ आली तर मी घटीपेक्षा जास्त घाबरतो. मॅनहोलमध्ये पाणी साठून भरण्याच्या झाकणातून आत शिरलं तर डिप वर जातो आणि खरी घट झाकली जाते. पूर्वी पाणी तळाशी बसायचं आणि पेस्टचा रंग बदलून लगेच सांगायचा. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, थोडं पाणी त्यातच विरघळून जातं आणि पेस्टला पत्ता लागत नाही. ते जास्त झालं की इथेनॉलला घेऊन एकदम खाली उतरतं आणि तळाशी एक वेगळा थर होतो. तो थर गाड्यांत गेला तर रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची रांग पंपावर येते. म्हणून पावसाळ्यात झाकणांची रबरं आणि मॅनहोलमधलं पाणी रोज पाहायचं, आणि इथेनॉलच्या पेट्रोलसाठी असलेली पेस्टच वापरायची.

आता टाकीत प्रोब बसला आहे. तो पातळी आणि तापमान दोन्ही सतत दाखवतो, त्यामुळे आकसण्याचा रकाना मी रोज भरू शकतो. आधी डेन्सिटीच्या वहीवरून काढावा लागायचा. पण प्रोब मिलिमीटरच मोजतो, लिटर त्याला चार्टमधूनच मिळतात. टाकी बसवल्यानंतर एका बाजूने थोडी खचली असेल तर चार्ट चुकीचा आणि प्रोबही त्याच चुकीने अचूक. ते ओळखण्याची खूण अशी की घट विक्रीशी जुळत नाही, पातळीशी जुळते: वरच्या पातळीत माल उतरताना घट, खालच्या पातळीत तेवढीच वाढ, आणि टँकर ते टँकर हिशेबात दोन्ही मिटतात. तसं दिसलं तर टाकी पुन्हा कॅलिब्रेट करून घ्यावी लागते. शिवाय महिन्यातून एकदा रॉड सोडून प्रोबशी ताडून पाहतो आणि फरक दोन-तीन मिलिमीटरांच्या वर गेला तर प्रोबवाल्याला फोन करतो.